हृदयविकाराच्या झटक्यानंतर कामावर परतताना कार्डिओलॉजिस्टनी कंपनीला पत्रात नेमकं काय लिहावं?

हुपरीची_लेक

नमस्कार. प्रश्न आमच्या आण्णांचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

आण्णा ५२ वर्षांचे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत २३ वर्षं कायम कामगार आहेत. काम पोअरिंगचं. भट्टीतून लॅडलमध्ये वितळलेलं लोखंड घ्यायचं आणि साच्यांत ओतत जायचं. तीन पाळ्या, आठवड्याला बदली.

१८ जूनला नाईट करून पहाटे घरी आले आणि चहा घेता घेता छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. तासाभरात कोल्हापुरात दवाखान्यात पोहोचलो. डावीकडची मुख्य रक्तवाहिनी बंद होती. त्याच सकाळी अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. घरी सोडताना टू डी इकोत हृदयाचं पंपिंग ४० टक्के लिहिलं होतं. आता नऊ आठवडे झालेत. रोज सकाळी ४ किलोमीटर चालतात, दम लागत नाही, गोळ्या वेळेवर घेतात.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवरच एक ओळ लिहून दिली : "लाईट ड्युटीसाठी फिट". ती घेऊन आण्णा कंपनीत गेले तर ऑफिसातून सांगितलं की आमच्याकडे लाईट ड्युटी नावाची पोस्टच नाही. एक तर पूर्ण फिट असं लिहून आणा, नाहीतर राजीनामा द्या, हिशोब करून टाकू. आण्णा आल्यापासून गप्प गप्प आहेत. उद्या डॉक्टरांकडे जाऊन "पूर्ण फिट" लिहून आणूया म्हणतायत. आईला ते नको वाटतंय, मलाही.

तर असं पत्र कसं असावं? डॉक्टरांना आम्ही नेमकं काय सांगायचं?

निवांत_६२

ताई, घाबरू नका. मला २०१७ साली अटॅक आला, दोन स्टेंट. तिसऱ्या आठवड्यात मी बँकेत काउंटरवर हजर होतो. डॉक्टरांनी एका ओळीचं सर्टिफिकेट दिलं, मॅनेजरनी फायलीला लावलं, विषय संपला. माणूस घरी बसला की मनानं खचतो. वडिलांना लवकर कामावर पाठवा. पूर्ण फिट लिहून घेतलं तर काय बिघडतं? ४ किलोमीटर चालतायत म्हणजे फिटच की.

भट्टीवाला

निवांतकाका, बँकेचं काउंटर आणि पोअरिंग एका मापात मोजू नका. मी गोकुळ शिरगावला ३१ वर्षं फाउंड्रीत काढली, शेवटी सुपरवायझर होतो.

हातातली लॅडल दोघांनी धरायची असती. आत ४० किलो धातू, वर लॅडलचं आणि दांड्याचं वजन. धातू १४०० अंशाच्या वर. ती घेऊन पंधरावीस पावलं चालायचं, मग वाकून अगदी संथ, एका धारेत ओतायचं. मधे थांबलं की कास्टिंग गेलं. ओतताना माणूस श्वास धरून ठेवतो, हे मी हजारदा बघितलंय. अंगावर जाड एप्रन, पायात बूट, तोंडावर शील्ड. मे महिन्यात शेडमधे तरणीबांड पोरं चक्कर येऊन बसतात.

एक महत्त्वाचं सांगतो. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. इंडक्शन भट्टीजवळ मोठं चुंबकीय क्षेत्र असतं, त्यानं स्टेंट तापतो किंवा सरकतो. त्यामुळं आण्णांना आता भट्टीकडं आयुष्यात जाऊ देऊ नका, हे पत्रात लिहून घ्या.

आणि रोज बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायला सांगा. ९७-९८ दाखवत असेल तर शेडमधल्या गॅसची काळजी नको.

सुनीती

मी पंधरा वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. राजीनामा मागणं चूक आहे, त्याचं समर्थन करत नाही. पण "लाईट ड्युटी" ही ओळ आमच्या हातात येते तेव्हा काय होतं ते बघा. लाईट म्हणजे किती? कधीपर्यंत? सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणतो माझ्याकडे सगळंच हेवी आहे. मॅनेजमेंटला वाटतं हा माणूस आता रिटायर होईपर्यंत बसून राहणार. शिवाय ड्युटीवर पुन्हा झटका आला आणि कामाच्या ताणामुळे आला असं ठरलं, तर नुकसानभरपाईची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते, न्यायालयांनी तसं धरलेलं आहे. मग घाबरलेला माणूस सरळ "पूर्ण फिट" मागतो, म्हणजे जबाबदारी डॉक्टरांवर गेली असं त्याला वाटतं.

ज्या पत्रात तारीख असते आणि कामाचं नाव असतं, ते पत्र मला आजवर नाकारावं लागलेलं नाही. "१ डिसेंबरपर्यंत हे काम नको, हे चालेल, १ डिसेंबरला पुन्हा तपासू." एवढं असलं की तीन महिन्यांची सोय कुठेतरी लावता येते. कायमची सोय लावायला मात्र कोणीच तयार होत नाही.

एक विचारते, आण्णांना ईएसआय लागू आहे का? असेल तर रस्ता वेगळा. सर्टिफिकेट तिथल्या डॉक्टरांचं लागतं, आणि पंपिंग ४५ टक्क्यांच्या खाली असलेला हृदयविकाराचा झटका त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत येतो. मग ९१ दिवसांच्या नेहमीच्या रजेनंतरही लाभ वाढवून मिळू शकतो.

हुपरीची_लेक

सुनीतीताई, धन्यवाद. आण्णांचा पगार २६ हजार आहे, २१ हजारांच्या वर गेल्यापासून ईएसआयमधून बाहेर पडलेत. कंपनीची मेडिक्लेम होती, त्यात ऑपरेशन झालं. रजा मात्र आता जवळजवळ संपत आलीय.

भट्टीवाला काका, स्टेंट सरकतो हे वाचून आई रडायला लागली. हे खरं आहे का?

जुना_फॅक्टरी_डॉक्टर

आईंना आधी सांगा, खरं नाही. आजचे स्टेंट कोबाल्ट-क्रोमियम किंवा प्लॅटिनम-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असतात. चुंबक त्यांना ओढत नाही, स्टेंट बसवल्यावर एमआरआयसुद्धा करता येतो. भट्टीवाला यांनी ऐकलेली गोष्ट मुळात खोटी नाही, पण ती पेसमेकर आणि छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरची आहे. त्या यंत्रांना इंडक्शन भट्टी आणि आर्क वेल्डिंगचा त्रास होऊ शकतो आणि तिथे अंतर मोजूनच काम द्यावं लागतं. आण्णांकडे ते यंत्र नाही.

ऑक्सिमीटरचंही तसंच. फाउंड्रीत काळजीचा गॅस कार्बन मोनॉक्साइड. ओल्या वाळूच्या साच्यात कोळशाची पूड असते, धातू ओतल्यावर ती जळते आणि साच्यातून निळसर ज्योत निघते, ती याच गॅसची. हा गॅस रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून अरुंद रक्तवाहिन्या असलेल्या माणसाला कमी श्रमात छातीत दुखू लागतं. आणि बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या गॅसनं भरलेल्या रक्तालाही ऑक्सिजनवालं रक्तच समजतं. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस धोक्यात असेल. गॅस हवेत मोजावा लागतो, त्याचा मीटर वेगळा.

आता मूळ प्रश्न. मी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात १९ वर्षं कारखान्याचा डॉक्टर होतो. शेकडो पत्रं वाचली. बहुतेक पत्रांतली चूक एकच : लिहिणाऱ्या कार्डिओलॉजिस्टनी ते काम कधी बघितलेलं नसतं. "पोअरिंग" म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय येणार? म्हणून पत्र मागायला जाण्याआधी तुम्ही एक कागद तयार करा. भट्टीवाला यांनी वर जे लिहिलंय, अगदी तसंच. कोणतं काम, किती वजन, किती वेळ, किती वेळा, उभं राहून की वाकून, जवळ किती ताप, पाळी कोणती. सोबत कंपनीत दुसरी कोणती कामं आहेत, तीही लिहा. हा कागद बघितल्याशिवाय चांगला डॉक्टरही "लाईट ड्युटी"च लिहील.

दुसरं, टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची चाचणी, झाली आहे का? आणि पुन्हा टू डी इको? घरी सोडतानाचे ४० टक्के शेवटचे समजू नका. झटक्यात हृदयाचा काही भाग मरतो आणि काही भाग नुसता सुन्न होतो. सुन्न झालेला भाग पुढच्या आठवड्यांत परत काम करू लागतो. त्यामुळे सहा आठवडे उलटल्यावरच्या आकड्याला खरा अर्थ आहे. तो ३५ च्या खाली राहिला तर विषय पूर्ण वेगळा, मग छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरचाही विचार होतो.

निवांत_६२

डॉक्टर, मग मी तिसऱ्या आठवड्यात गेलो ते चुकलं का?

जुना_फॅक्टरी_डॉक्टर

अजिबात नाही. स्वस्थ बसताना शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो त्याला आम्ही एक मेट म्हणतो. काउंटरवर बसून नोटा मोजायला दीड ते दोन मेट पुरतात. तुमचं हृदय तिसऱ्या आठवड्यात ते सहज करत होतं. सपाटीवर बऱ्या वेगानं चालायला साडेतीन-चार. जड ओझं उचलून नेणं, फावड्यानं वाळू ओढणं सहा-सातच्या पुढे जातं. आण्णा ४ किलोमीटर चालतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते सकाळच्या गार हवेत, रिकाम्या हातानं आणि तासभर. त्यावरून आठ तासांच्या पोअरिंगचा अंदाज येत नाही.

हुपरीची_लेक

कालच डॉक्टरांकडे जाऊन आलो. आधी आण्णांना शेजारी बसवून कागद केला. इतकी वर्षं ते काय काम करतात ते मला पहिल्यांदा कळलं. कागदावर हे लिहिलं :

हातलॅडल, दोघांत मिळून साधारण ६० किलो, एका पाळीत ३५ ते ४० फेऱ्या. मधे मधे स्लॅग, म्हणजे धातूवरची मळी, काढायचा, लांब सळईनं, भट्टीच्या तोंडाशी, एकेका वेळी पाच-सात मिनिटं. पाळी संपताना सांडलेली वाळू फावड्यानं गोळा करायची, अर्धा तास. सेकंड आणि नाईटला माणसं कमी, म्हणून कधी फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, ग्राइंडर धरायलाही पाठवतात. क्रेनचं बटण-पेंडंटही आण्णांना येतं. दुसरी कामं : कोअर तपासणं, वाळूची लॅब (नमुने आणायचे, ओलावा आणि ताकद मोजायची), स्टोअर, तयार कास्टिंगची तपासणी.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "हे मला कोणी आधी का नाही सांगितलं" म्हणाले, आणि लगेच इको आणि टीएमटी लिहून दिली. इकोत पंपिंग आता ४८ टक्के. टीएमटीत आण्णा ७ मिनिटं १० सेकंद चालले, पाय भरून आले म्हणून थांबले. छातीत दुखलं नाही, आलेखात दोष नाही. नाडी १२८ पर्यंत गेली. क्षमता साधारण ८ मेट आली.

आण्णा खूश झाले. म्हणाले, बघ, ८ आले, वाळू ओढायला ७ लागतात, म्हणजे पोअरिंगला जाता येतंय. मला हे उत्तर देता येईना.

जुना_फॅक्टरी_डॉक्टर

कागद उत्तम झालाय. आण्णांचा हिशोब मात्र दोन ठिकाणी चुकतोय, त्यांना शांतपणे समजावून सांगा.

८ मेट ही त्यांची कमाल. कमालीवर माणूस मिनिटभर टिकतो, पाळीभर नाही. दिवसभराच्या कामाची सरासरी कमालीच्या ३५ ते ४० टक्क्यांत राहावी असा आमचा ठोकताळा. आण्णांसाठी ती तीनच्या आसपास येते. मधेच क्षणभर जोर लागला तर तो ८० टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे सहा-साडेसहा. वाळू ओढायचा अर्धा तास यात बसत नाही, लॅडलच्या ४० फेऱ्या तर नाहीच.

दुसरी गोष्ट, टीएमटी वातानुकूलित खोलीत होते आणि पायांची होते. लॅडल हातांनी तोलून धरायची असते, स्नायू आवळलेले, श्वास रोखलेला. अशा धरून ठेवण्याच्या कामात रक्तदाब चालण्यापेक्षा फार जास्त चढतो, आणि पट्ट्यावर तो दिसत नाही. त्यात उष्णता. तापात रक्त कातडीकडे धावतं, तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आण्णांच्या गोळ्यांत नाडी मंदावणारी एक आणि रक्तदाब उतरवणारी एक असणारच. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की या गोळ्यांमुळे दाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी अंधारी आली तर माणूस खाटेवर बसेल. तिथे हातात १४०० अंशांचं लोखंड आहे, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस आहे.

भट्टीवाला

चुंबकाचं चुकलं माझं. आईंना उगाच ताप दिला, माफी असावी. दुसऱ्या टोकाच्या माणसाचं डॉक्टर बोलले ते लाखातलं. दांड्याचं एक टोक पडलं की धातू दुसऱ्याच्या पायावर जातो. मी बघितलंय ते.

फेटलिंग पण बंद करा. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असणार. ग्राइंडरवर हाताला रोज काही ना काही लागतंच.

पण पेंडंट क्रेन द्यायला काय हरकत? नुसतं बटण दाबायचं. अनुभवी माणूस आहे.

जुना_फॅक्टरी_डॉक्टर

दोन गोळ्यांचं बरोबर. साधारण वर्षभर दोन्ही चालतात, जखम जास्त वेळ वाहते, डोक्याला मार लागला तर गंभीर. आणि रक्त येतंय म्हणून यातली गोळी परस्पर बंद करणं त्याहून धोक्याचं, स्टेंट बंद पडू शकतो. पाळ्या बदलल्या की दोन वेळची गोळी हमखास चुकते, म्हणूनही सुरुवातीला जनरल शिफ्टच मागा.

क्रेनला बटण हलकं असतं, पण खाली काय लटकतंय ते बघायला हवं. रिकामे साचे असतील तर मी हो म्हणेन. वितळलेला धातू असेल तर निदान पहिले तीन महिने नाही म्हणेन.

भट्टीवाला

मी नाही मानत. पेंडंटचं बटण सोडलं की क्रेन जागेवर थांबती. चक्कर आली तरी बटण सुटणार, लॅडल हवेत थांबणार. हात्यानं लॅडल धरण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

सुनीती

दोघांचंही पटतंय, पण पत्रात वादाला जागा नको. पहिल्या तीन महिन्यांसाठी नको लिहा, पुढे सेफ्टी ऑफिसर बघेल.

लीड्सहून_अनघा

मी इकडे इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे २०१० पासून "फिट नोट" असते. त्यात "कामाला योग्य नाही" याच्या जोडीला "या गोष्टी सांभाळल्या तर योग्य असू शकेल" असाही पर्याय असतो. त्याखाली चार चौकटी : हळूहळू वाढत जाणारे तास, बदललेली वेळ, बदललेलं काम, कामाच्या जागेत बदल. पेशंट आला की आम्ही त्या चार चौकटींवरूनच बोलतो. तुमच्या डॉक्टरांना चार मथळे सांगितले तरी पत्र आपोआप नीट होईल. बाकी रात्रपाळीबद्दल मला विशेष चिंता वाटते.

हुपरीची_लेक

सगळ्यांचे मुद्दे एका वहीच्या पानावर उतरवून आज परत गेलो. अनघाताईंचे चार मथळे फार उपयोगी पडले. डॉक्टरांनी समोर बसून पत्र सांगितलं, त्यांच्या मॅडमनी टाइप केलं. इंग्रजीत आहे, मी मराठीत उतरवून देते. नावं काढली आहेत.

"दिनांक २ सप्टेंबर. प्रति, व्यवस्थापक. प्रत : कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी.

आपले कामगार श्री. — यांच्या लेखी संमतीने हे पत्र देत आहे. जून महिन्यात त्यांच्या हृदयविकारावर उपचार झाले. त्यांची प्रकृती स्थिर आहे. व्यायाम चाचणी नुकतीच केलेली असून ती समाधानकारक आहे. त्यांच्या कामाचे तपशील मी वाचले आहेत आणि पुढील मत त्या तपशिलांवर आधारलेले आहे.

८ सप्टेंबरपासून ते कामावर येण्यास योग्य आहेत, खालील अटींवर.

वाळूची प्रयोगशाळा, कोअर तपासणी, स्टोअरमधील नोंदी आणि तयार मालाची तपासणी ही कामे ते करू शकतात. पहिले दोन आठवडे दिवसाला ४ तास, पुढचे दोन आठवडे ६ तास, त्यानंतर ८ तास. फक्त सकाळची किंवा जनरल पाळी. जादा काम नको. उचलण्याचे वजन पहिल्या महिन्यात १० किलोपर्यंत, नंतर १५ किलोपर्यंत.

१ डिसेंबरपर्यंत पुढील कामे देऊ नयेत : हातलॅडलने ओतकाम, भट्टीच्या तोंडाशी स्लॅग काढणे, फावड्याने वाळू ओढणे, हातग्राइंडर, शिडीवर किंवा उंचावर काम, वितळलेला धातू नेणारी क्रेन चालवणे, आणि धातू ओतला जात असताना त्या शेडमध्ये थांबणे.

छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर किंवा धडधड झाल्यास काम लगेच थांबवून त्यांना बसवावे. पाच मिनिटांत बरे वाटले नाही तर १०८ ला फोन करावा, त्यांना स्वतःच्या गाडीने जाऊ देऊ नये.

१ डिसेंबरच्या आठवड्यात पुन्हा तपासणी करून मी नवीन पत्र देईन. वरील निर्बंध कायमचे आहेत असे समजू नये. पुढे हृदयविकार होणारच नाही अशी हमी कोणत्याही व्यक्तीबद्दल देता येत नाही. मात्र वर दिलेली कामे दिलेल्या मर्यादेत त्यांच्यासाठी सुरक्षित आहेत असे माझे मत आहे.

आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझ्याशी थेट बोलावे."

कसं वाटतंय? आण्णांना १०८ ची ओळ आवडली नाही. म्हणतात, आता सगळे मला पेशंट म्हणून बघणार.

जुना_फॅक्टरी_डॉक्टर

पत्र चांगलं आहे. स्टेंट, पंपिंगचा आकडा, गोळ्यांची नावं, साखर, तंबाखू यातलं काहीही त्यात नाही, ते मुद्दाम तसंच राहू द्या. ऑफिसातल्या माणसाला काय चालेल आणि काय नाही एवढंच कळायला हवं. टीएमटीचा अहवाल वेगळ्या बंद पाकिटात, कारखान्याच्या डॉक्टरांच्या नावानं द्या. तोही आण्णांना विचारूनच.

एक भर घालायला सांगा. टीएमटीत १२८ नाडीपर्यंत काही त्रास झाला नाही. तर कारखान्याच्या डॉक्टरांना लिहा की पहिल्या आठवड्यात कामाच्या जागीच, काम चालू असताना, दोन-तीनदा नाडी मोजावी. मनगट धरून १५ सेकंद, गुणिले चार. ती सतत ११० च्या वर राहत असेल तर कागदावर हलकं वाटणारं ते काम आण्णांसाठी हलकं नाही. वाळूच्या लॅबमध्ये असं होऊ शकतं. काम बसून असतं, पण नमुने आणायला उन्हातून बादली घेऊन चालावं लागतं, ते कोणी मोजत नाही.

आण्णांना म्हणावं, १०८ ची ओळ त्यांच्यासाठी नाही. शेडमध्ये कुणाला काही झालं की चार जण भोवती उभे राहतात आणि कुणीतरी मोटरसायकल काढतो. ती मोटरसायकल थांबवायला ती ओळ आहे.

सुनीती

माझ्या टेबलावर असं पत्र आलं तर मी त्याच दिवशी ऑर्डर काढीन. फक्त देताना दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी "ठेवून जा" म्हटलं तर जाऊ नका. राजीनामा किंवा "स्वखुशीने" लिहिलेला कुठलाही कागद समोर आला तर सही न करता घरी आणा. पूर्ण फिटचं पत्र दिलं असतं तर पहिल्याच दिवशी लॅडल हातात आली असती आणि कंपनी म्हणाली असती, तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय.

एक गोष्ट मात्र पत्रानं सुटत नाही. पोअरिंगचा जो हीट अलाउन्स किंवा इन्सेंटिव्ह असेल तो या तीन महिन्यांत मिळेल का? मूळ पगार कमी करता कामा नये, अलाउन्सचं युनियनच्या करारात बघावं लागेल.

हुपरीची_लेक

अलाउन्स महिन्याला ३२०० आहे. करारात काय लिहिलंय ते युनियनच्या काकांना विचारलंय, ते सांगतो म्हणालेत, अजून काही कळलं नाही.

माळावरचा

माझा चुलतभाऊ कंत्राटी आहे, ठेकेदाराकडे, तोही फाउंड्रीतच. गेल्या वर्षी त्याला अटॅक आला. त्याच्याकडे ना एचआर ना फॅक्टरी डॉक्टर. पंधराव्या दिवशी तो परत शेकआउटला, म्हणजे साचे फोडून कास्टिंग काढायला, लागला, कारण हजेरी नाही तर पैसे नाहीत. त्यानं असं पत्र कुणाला द्यायचं?

सुनीती

ठेकेदाराला द्यायचं आणि एक प्रत मूळ कंपनीला. त्याला ईएसआय असायला हवा, तो आधी तपासा, ठेकेदारानं पैसे भरले नसतील तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. पण उद्या नाव हजेरीतून गाळलं तर काय, याला माझ्याकडे खरंच चांगलं उत्तर नाही.

हुपरीची_लेक

कळवायचं राहिलं होतं. पत्र शिक्का मारून दिलं. दोन दिवस काही नाही, मग कारखान्याच्या डॉक्टरांचा आमच्या डॉक्टरांना फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली : वाळूची लॅब, सकाळी ९ ते १. आज आठवडा झाला.

पहिल्या दिवशी नाडी ९६, तिसऱ्या दिवशी १०४, आणि एकदा नमुने घेऊन आल्यावर ११८. आण्णांनी ते घरी सांगितलंच नव्हतं, डबा भरताना खिशातल्या चिठ्ठीवरून कळलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी आता नमुन्याची बादली हेल्परकडे दिलीय. आण्णांना त्याचं वाईट वाटलं, पण काल स्वतःहून म्हणाले की वाळूचा ओलावा मुठीत दाबून सांगतो तो आणि मशीनवरचा आकडा जवळजवळ सारखाच येतोय. लॅबमधला पोरगा आता त्यांना आधी मुठीनं विचारतो आणि मग मशीन लावतो.

अलाउन्सचं अजून लटकलेलं आहे. नाईटचं आणि क्रेनचं १ डिसेंबरच्या टीएमटीनंतर बघू म्हणालेत डॉक्टर. भट्टीवाला काका, आण्णा क्रेनच्या बाबतीत तुमच्याच बाजूनं आहेत.